पाच जणांचे शेरे, एक यादी

पुणे,
रविवार दुपार

प्रिय अनघा,

परवा फोनवर तू विचारलंस की चिवड्याच्या पाकिटाच्या डिझाइनवर पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्यात, त्यातलं कोणाचं ऐकायचं? तेव्हा तू रिक्षात होतीस आणि हे दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे. तुझ्या चिवड्याबद्दल मला फार माहिती नाही, पण गेल्या वर्षी केलेलं गोड्या मसाल्याचं 100 ग्रॅमचं पाकीट अजून डोळ्यांसमोर आहे. तेच सांगते, त्यातून तुझं तुला सापडेल.

तिथेही पाच जण होते. मालकांनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली: नाव दिसतच नाही, मोठं करा. मार्केटिंगवाल्याने पीडीएफवर लाल खुणा केल्या: समोर गर्दी झाली आहे, नाव जरा लहान करून मोकळं सोडा, आणि बारकोड आपल्या ब्रँडच्या लाल रंगात घ्या. सेल्सवाल्याचा फोन आला: दुकानदार आपला कांदा-लसूण आणि हा गोडा यात गल्लत करतात, याचा सगळा रंग बदला. क्वालिटीच्या ताईंची मेल होती, हिरवी खूण लहान आहे, घटकांची यादी चुकीच्या क्रमाने आहे आणि ॲलर्जनची, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांची, ओळच नाही. परचेसचं एकच वाक्य होतं: एकही रंग वाढवू नका.

अशा वेळी हात लगेच फाइलकडे जातो. नाव थोडं मोठं करावं, थोडी जागाही सोडावी, म्हणजे दोघंही खूश, असं वाटतं. तसं करू नकोस. मधलं माप काढलं की मालकांना नाव लहानच वाटतं आणि मार्केटिंगला गर्दी तशीच दिसते. पुढच्या फेरीत तेच दोन शेरे परत येतात, फक्त जरा चिडून.

मी आधी सगळं एका शीटमध्ये उतरवलं, ज्याने जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत. व्हॉइस नोटसुद्धा ऐकून लिहून काढली. प्रत्येकापुढे दोन गोष्टी नोंदवल्या: कोणत्या आवृत्तीवर बोलले आणि कशावर बघितलं. पहिली नोंद कंटाळवाणी वाटते, पण तिने लगेच काम केलं. सेल्सवाल्याकडे आधीच्या आठवड्याची फाइल होती, त्याचे दोन शेरे तिसऱ्या आवृत्तीत आधीच मिटलेले होते.

दुसऱ्या नोंदीने तर मोठ्या वादाचं मूळच दाखवलं. मालकांनी पाकीट मोबाइलवर बघितलं होतं. तिथे 16 सेंटिमीटर उंचीचं पाकीट बोटाएवढं दिसतं, नाव वाचता येणारच नाही. मार्केटिंगवाल्याने मोठ्या मॉनिटरवर, पडदाभर करून बघितलं. तिथे प्रत्येक गोष्ट अंगावर येते आणि गर्दी वाटते. दोघंही खरं बोलत होते, पण दोघांसमोरचं पाकीट वेगळं होतं.

म्हणून मी समोरची बाजू शंभर टक्के मापात छापली, कापली, भरलेल्या पाकिटावर चिकटवली आणि दुकानातल्यासारखी इतर मसाल्यांच्या रांगेत ठेवून फोटो काढला. भरलेलं पाकीट मध्ये फुगतं, कडा मागे वळतात आणि सपाट फाइलमध्ये दिसणारी रुंदी समोरून तेवढी दिसत नाही. फोटोत दिसलं की नावाचं माप पुरेसं आहे. अडचण शेजारच्या 'घरगुती चव' या गोल शिक्क्याची आणि वाटीच्या फोटोची होती, नजर आधी तिकडे जात होती. त्या छापील नमुन्यावर शिक्का काढला, वाटी खाली सरकवली, नावाचं माप तेच ठेवलं. मालकांना नाव मोठं झाल्यासारखं वाटलं आणि मार्केटिंगला मोकळं. फोटो दोघांनाही एकाच वेळी पाठवला होता, हे महत्त्वाचं.

सेल्सचा शेरा वेगळ्या जातीचा होता. 'रंग बदला' हा त्याने सुचवलेला उपाय होता. त्रास काय आहे, हे विचारल्यावर कळलं की पाकिटं टांगलेली असतात तेव्हा दुकानदाराला फक्त वरची पट्टी दिसते आणि ती दोन्ही मसाल्यांना एकच लाल आहे. मग सगळं पाकीट बदलायचं कारणच उरत नाही. इथे परचेसचं वाक्यही समजून घे. अशी पाकिटं ग्रॅव्ह्युअरवर छापतात, आणि त्यात दर रंगाला एक वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. नवा खास रंग म्हणजे नवा सिलिंडर, म्हणजे सरळ खर्च. पण वाटीच्या मसाल्यासाठी एक गडद तपकिरी खास रंग आमच्याकडे आधीच होता. गोड्याची वरची पट्टी त्यातच केली. सेल्सचं काम झालं, परचेसचा सिलिंडर वाढला नाही. एकमेकांविरुद्ध वाटणारे शेरे बऱ्याचदा असे असतात: एकाने उपाय सांगितलेला असतो, दुसऱ्याने मर्यादा, आणि मूळ त्रास कोणीच लिहिलेला नसतो. म्हणून उपाय सांगणाऱ्याला 'हे कुठे, कोणाला अडतंय?' एवढं विचारत जा.

आता क्वालिटीच्या ताई. त्यांचे शेरे बाकीच्यांच्या तराजूत घालायचेच नाहीत. खाद्यपदार्थांच्या लेबलचे नियम एफएसएसएआयने घालून दिलेले आहेत, त्यावर मतदान होत नाही. आमच्या पाकिटाची समोरची बाजू 11 गुणिले 16, म्हणजे 176 चौरस सेंटिमीटर. 100 ते 500 चौरस सेंटिमीटरच्या टप्प्यात हिरव्या ठिपक्याचा व्यास किमान 4 मिलिमीटर लागतो आणि भोवतालच्या चौकटीची बाजू व्यासाच्या दुप्पट. शिवाय ती खूण नावाजवळ आणि उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवर हवी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लागते. आणि ॲलर्जनची ओळ कशासाठी, तर हिंगासाठी! आपण वापरतो त्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. मसाल्यात गहू कुठून आला असं मालकांनी विचारलं, तेव्हा ताईंनी हिंगाच्या डब्यावरचं लेबल दाखवलं. तुझ्या चिवड्यात शेंगदाणे आहेत, आणि फोडणीत हिंग असेलच. आजच विचार.

ती ओळ घालायला मागे जागा नव्हती, कारण मार्केटिंगला आमटीची अख्खी कृती हवी होती. असा खरा झगडा असतो तेव्हा मी दोन पर्याय लिहिते, त्यातला माझा कोणता ते सांगते, आणि निर्णय एकाच माणसाकडे मागते. इथे लिहिलं: कृती सहा ओळींवरून तीन ओळींवर आणायची, किंवा अक्षर इतकं बारीक करायचं की ते वाचता येणार नाही. माझं मत पहिल्याला. मार्केटिंगवाल्याने दुसऱ्या दिवशी तीन ओळींची कृती लिहून पाठवली.

लाल बारकोडची गोष्ट मात्र विचारायचीही नसते. बारकोड वाचणाऱ्या बहुतेक यंत्रांचा उजेड लाल असतो. त्या उजेडात लाल रेघा पांढऱ्यासारख्याच दिसतात, यंत्राला काही सापडत नाही. दुकानात पाकीट काउंटरवरच अडकतं. असे मुद्दे मी यादीत 'घेतलं नाही' म्हणून लिहिते आणि पुढे एका वाक्यात कारण. शेरा गुपचूप गाळला की तो माणूस पुढच्या फेरीत पुन्हा तोच लिहितो, आणि यावेळी आपण त्याचं वाचलंच नाही असं समजून.

शेवटी पाठवलेली यादी कशी होती, ते दोन ओळींत दाखवते. "4. समोर, नावाच्या उजवीकडे खाली: 'घरगुती चव' शिक्का काढायचा. त्या जागी काही नाही." "9. मागे, घटकांच्या यादीखाली: ॲलर्जनची ठळक ओळ. मजकूर क्वालिटीकडून येईल, तसाच घ्यायचा." एका ओळीत एकच बदल, आणि जागा इतकी नेमकी की न पाहिलेल्या माणसालाही करता यावा. 'समोरची बाजू फ्रेश करणे' अशी ओळ यादीत आली तर समज की अजून विचारायचं राहिलं आहे. ती झाली की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही.

माझ्या शीटमध्ये कोण काय म्हणालं ते सगळं असतं, पण कंपनीकडे जाणाऱ्या यादीत वादाच्या ओळींपुढे मी नावं लिहीत नाही. नाव दिसलं की लोक पाकीट बघायचं सोडून कोणाचं चाललं ते बघतात. फक्त ज्याचा निर्णय किंवा मजकूर बाकी आहे त्याचं खातं लिहिते, म्हणजे ते अडून राहिलं तर कोणाकडे ते कळतं.

आणि फाइलला हात लावायच्या आधी यादी पाठवते. सोबत एवढंच: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यावर होकार किंवा दुरुस्ती द्या, त्यानंतर हेच बदल होतील, नवीन काही आलं तर ते पुढच्या फेरीत आणि वेगळ्या दराने. होकार कोण देणार, ते काम घेतानाच ठरवून घ्यावं. तुझ्याकडे ते ठरलेलं नाही असं दिसतंय. आता तरी मालकांना विचार, पण त्यांना एकट्यांना नाही, सगळे असतील त्या मेलमध्ये.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत चालत नाही. तोच मुद्दा वेगळ्या रूपात दोनदा परत आला, म्हणजे आधी 'रंग गडद हवा', मग 'फोटो जुना वाटतो', मग 'अक्षर पारंपरिक नको', तर ओळखावं की भांडण पाकिटाचं नाही. माल कोणाला विकायचा, यावरच त्यांचं एकमत नाही. तिथे यादी करत बसू नकोस, अर्ध्या तासाची बैठक माग आणि तेवढाच प्रश्न त्यांच्यासमोर ठेव. तू सांगितलेल्या पाचांपैकी 'तरुणांना आवडेल असं' आणि 'आजीच्या हातचं वाटेल असं' हे दोन शेरे मला त्याच जातीचे वाटतात. बाकीचे तीन सहज सुटतील.

त्या पाच जणांच्या मेल आणि व्हॉइस नोट मला जशाच्या तशा पाठव, निवडून नको. आणि पाकिटाची पुढची बाजू खऱ्या मापात छापून, चिवडा भरलेल्या पिशवीवर लावून फोटो काढ. मंगळवारी रात्री मी मोकळी आहे, दोघी मिळून पहिली यादी करू. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मेधा