मजकुरासाठी राखलेली जागा भरून टाकल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: निमंत्रणपत्रिकेच्या फोटोत सदोष काम केल्याबाबत व ते पुन्हा करून मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या बहिणीच्या पहिल्या व्हायोलिन मैफलीच्या निमंत्रणासाठी मी आपल्याकडे एक फोटो दिला होता. फोटोत ती खाली उजव्या कोपऱ्यात बसली आहे, नजर डावीकडे वर आहे आणि बाकी सगळं संध्याकाळचं मोकळं आकाश. पत्रिका ५ बाय ७ इंचाची, उभी. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १५०० बाय २१०० पिक्सेल. त्यातले वरचे ८४० पिक्सेल, म्हणजे सुमारे पावणेतीन इंच, पाच ओळींच्या मजकुरासाठी मी चौकट आखून दाखवले होते. फुलांनी डवरलेली एक फांदी आणि उडणाऱ्या थोड्या पाकळ्या घालायच्या, पण चौकटीत काही येऊ द्यायचं नाही, एवढंच काम होतं.

आपण फांदी नेमकी त्या चौकटीत आडवी घातलीत आणि पाकळ्या सगळ्या आकाशभर सारख्या अंतरावर पसरल्यात. आपल्या प्रतिनिधींचं म्हणणं असं की आकाश रिकामं दिसत होतं म्हणून भरलं. ते रिकामंच हवं होतं. मी तो फोटो त्या आकाशासाठीच निवडला होता.

मजकूर टाकल्यावर काय झालं ते सांगते, कारण नुसत्या फोटोकडे पाहून हा दोष कळत नाही. मजकूर पांढरा, पाकळ्याही फिकट आणि जवळजवळ अनुस्वाराच्या टिंबाएवढ्या. ‘वादन’ शब्दातल्या ‘वा’वर एक पाकळी अशी बसली की घरातल्या दोघांनी ते ‘वांदन’ वाचलं. खालच्या ओळीत ‘संध्याकाळी’वरचा खरा अनुस्वार मात्र पाकळ्यांत हरवला. आपल्या लिपीत रेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि खाली उकार असतात. त्यामुळे अक्षरांमागची जागाच नव्हे, तर दोन ओळींमधली जागाही शांत लागते. पत्रिका हाताच्या अंतरावर धरून डोळे किंचित मिटून पाहिलं की मजकुराचे सलग पट्टे दिसायला हवेत. इथे सगळा ठिपक्यांचा गोंधळ दिसतो.

तक्रार केल्यावर आपण दुसरी प्रत पाठवलीत. तीत फांदी तशीच ठेवून मजकुरामागे अर्धपारदर्शक पांढरी पट्टी टाकली आहे आणि अक्षरं काळी केली आहेत. वाचता येतं, हे मी मान्य करते. पण फांदी पट्टीच्या कडेशी एकदम फिकी पडते, तुटल्यासारखी दिसते. शिवाय बहीण ज्या आकाशाकडे पाहते आहे तिथे आता एक पांढरा चौकोन आहे. ज्या फोटोत मुळात जागाच नसते तिथे अशी पट्टी टाकावी लागते. इथे जागा होती.

मी स्वतः पाकळ्या पुसून पाहिल्या. आपण फांदी, पाकळ्या आणि मूळ फोटो एकत्र करून एकच JPEG दिल्यामुळे काहीच सरकवता येत नाही. आकाशाचा रंग वरून खाली हळूहळू उजळत जातो, त्यामुळे पुसल्या जागी डाग राहतात. पडद्यावर ते जाणवत नाहीत, पण छापून आणलेल्या नमुन्यात स्पष्ट दिसले.

हे काम उलट क्रमाने करायला हवं होतं. आधी खरा मजकूर, खऱ्या आकारात, आणि मग त्याला सांभाळून फांदी. फांदी खालच्या डाव्या कोपऱ्याबाहेरून आत आली असती आणि तिचं टोक बहिणीकडे वळलं असतं, तर वरची जागा आपोआप मोकळी राहिली असती. पाकळ्या व्हायोलिनजवळ दाट आणि वर जाताना विरळ होत चौकटीच्या खालीच संपायला हव्या होत्या. जी एखादी पाकळी वर जाईलच, ती धूसर आणि आकाशाच्याच छटेची असावी, म्हणजे अक्षरांशी भांडणार नाही.

तरी माझी मागणी अशी: सोबत जोडलेल्या मजकुरासह काम नव्याने करून द्यावं आणि फांदी, पाकळ्या व मूळ फोटो वेगवेगळ्या लेअरमध्ये असलेली PSD फाइल द्यावी. आकाश माझ्या मूळ फोटोतलंच राहावं, पुसून रंगवलेलं नको. पत्रिका छपाईला जायला दहा दिवस उरले आहेत. पाच दिवसांत हे शक्य नसेल, तर पूर्ण रक्कम परत करावी, मी मूळ फोटोवरच मजकूर छापून घेईन.

सोबत: चौकट आखलेला मूळ फोटो, आपल्या दोन्ही प्रती, छापील नमुन्याचा फोटो आणि पाच ओळींचा मजकूर.

आपली,
एक ग्राहक