वायरलेस चार्जिंगचं अर्धंच सांगितलंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वायरलेस चार्जिंगवरचा लेख काल दुपारी वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. "फोन पॅडवर ठेवा आणि निवांत झोपा" असं ठळक अक्षरात छापलंत तुम्ही. मी तेच केलं होतं. मागच्या महिन्यात रात्री अकराला फोन ३१ टक्क्यांवर पॅडवर ठेवला, सकाळी उठले तर फोन बंद. पहाटे बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, भावाने चार वेळा फोन केला आणि मी आपली झोपलेली. बाबा आता बरे आहेत, पण तो राग अजून गेलेला नाही.

रात्रभर काय चाललं होतं ते दुसऱ्या दिवशी समोर बसून बघितलं. फोन ठेवला की टुंग वाजायचं, स्क्रीन लागायची, चार-पाच सेकंदांनी चार्जिंग बंद, मग परत टुंग. चार्जिंग होतच नव्हतं आणि स्क्रीन सारखी लागून उलट होती ती बॅटरीपण संपत होती. दुरुस्तीवाल्याकडे नेला तर त्याने कव्हर न काढताच बोर्ड गेलाय म्हणून सांगितलं आणि साडेआठ हजारांचा आकडा टाकला.

शेवटी माझ्या भाच्याने कव्हर काढलं. आत गाडीतल्या मॅग्नेटच्या होल्डरसाठी चिकटवलेली लोखंडी चकती, मी पार विसरून गेले होते, आणि ती बोट टेकवेना इतकी तापलेली. पॅड आणि फोन एकमेकांशी सारखे बोलत असतात हे त्याने मला समजावलं. आपल्याला किती पॉवर मिळाली ते फोन पॅडला, चार्जिंग होतं त्याच कॉइलमधून म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, कळवत राहतो, पॅड आपण दिलेली आणि त्याला मिळालेली ताडून बघतं आणि मधे फार गळती दिसली की धातू तापतोय असं धरून स्वतःच बंद होतं. म्हणजे पॅड बिघडलेलं नव्हतं, ते त्याचं काम करत होतं. हे एक वाक्य तुमच्या लेखात नाही; मला ते आधी कुठे वाचायला मिळालं असतं तर मी त्या दुकानाची पायरी चढले नसते!

चकती काढली तरी सगळं मिटलं नाही. पॅडवरचा दिवा आता लागून राहायचा, पण मधेच जायचा, आणि हाताने फोन जरा दाबून धरला की परत यायचा. कव्हर दोन थरांचं, पट्टीने मोजलं तर ४ मिलिमीटर भरलं. बरेच चार्जर ३ मिलिमीटरच्या आसपासपर्यंतच धरतात, त्यापुढे फोनच्या आणि पॅडच्या कॉइलमधलं अंतर वाढतं आणि फोनचा निरोप पॅडला नीट पोचत नाही, दीड-दोन सेकंद निरोप आला नाही की पॅड पुरवठा तोडून पहिल्यापासून सुरू करतं. मग साधं पातळ कव्हर घातलं.

तरी एका रात्री परत तेच. ह्यावेळी कारण आमचा नातेवाईकांचा ग्रुप. फोन व्हायब्रेटवर होता, रात्री बारापर्यंत मेसेज, आणि प्रत्येक थरथरीला फोन गुळगुळीत पॅडवरून किंचित सरकत गेला. सेंटिमीटरभर सरकला तरी पुरतं. आता नीट चार्ज होतो ती जागा सावकाश सरकवत शोधून पॅडवर मार्करने फोनच्या चारी कडांशी रेघा मारल्यात, रात्री व्हायब्रेशन बंद आणि फक्त भाऊ आणि बाबा यांच्या फोनची रिंग चालू. तेव्हापासून सकाळी १०० टक्के असतो.

चार्जिंग चालू-बंद होत असेल तर आधी कव्हर काढून उघडा फोन पॅडच्या मधोमध पंधरा मिनिटं ठेवून बघायचं. तेवढ्यात सुरळीत चाललं तर दोष कव्हरचा किंवा आत ठेवलेल्या वस्तूचा. कव्हरच्या खिशात बँकेचं किंवा मेट्रोचं कार्ड ठेवणाऱ्यांनी तर ते आधी काढावं, कार्डच खराब होऊ शकतं. ज्यांच्या फोनला आणि पॅडला मॅग्नेटची गोल रिंग आहे त्यांचा सरकण्याचा त्रास वाचतो, पण मधली चकती त्यांनाही नडतेच. एवढं छापायला तुम्हाला चौकटभर जागा लागली असती, आणि त्या लेखाशेजारी अर्धं पान फोटो होता.

आणि जागेचा विषय निघालाच आहे तर, शब्दकोड्याचे आकडे इतके बारीक झालेत की बाबांना भिंगाशिवाय दिसत नाहीत. ते पूर्वीसारखे मोठे करा ही विनंती, दवाखान्यातून आल्यापासून त्यांची सगळी दुपार त्या कोड्यावर जाते.

आपली,
एक वाचक, नाशिकरोड