डॉलरच्या दरात कापलेला पैसा कागदावर दाखवा : रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

माननीय गव्हर्नर महोदय,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

सविनय नमस्कार, वि. वि.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहणारी सॉफ्टवेअर व्यावसायिक आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका कंपनीच्या गोदामांचा हिशेब ठेवणारी प्रणाली मी घरी बसून सांभाळते आणि महिन्याला दोन हजार डॉलरचे बिल पाठवते. या आठवड्यात जीएसटी कार्यालयाने माझा परताव्याचा अर्ज त्रुटी दाखवून परत केला. कारण असे, की बँकेने दिलेल्या परकीय रकमेच्या दाखल्यावर माझ्या कामाच्या मोबदल्याची नोंद ‘कुटुंबाच्या निर्वाहासाठी आलेली रक्कम’ अशी झाली आहे. त्या दाखल्याविषयी पुढे लिहीनच, परंतु तो हातात घेऊन बसल्यावर मी त्यावरचा प्रत्येक आकडा तपासला, आणि आपल्याला पत्र लिहिण्याचे खरे कारण मला तिथे सापडले.

ग्राहकाने पूर्ण दोन हजार डॉलर पाठवले, माझ्या बँकेत १,९७५ पोहोचले. मधले २५ डॉलर वाटेतल्या मध्यस्थ बँकेने कापले. पैसे पाठवताना बँका एकमेकींना जो स्विफ्ट संदेश धाडतात, त्याची प्रत ग्राहकाकडून मागवली तेव्हा खर्चाच्या रकान्यात SHA असे लिहिलेले दिसले, म्हणजे पाठवणाऱ्याने आपल्या बँकेचा खर्च द्यायचा आणि पुढचा सगळा घेणाऱ्याने सोसायचा. तिथे OUR लिहिले असते तर हा खर्च ग्राहकाकडे गेला असता, पण मोठ्या ग्राहकाच्या लेखा विभागाला एका बाहेरच्या माणसासाठी ठरलेली पद्धत बदलायला सांगणे किती अवघड असते, हे असे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही या कपातीबद्दल माझी फारशी तक्रार नाही, कारण ती दिसते. दोन हजारांतून १,९७५ वजा केले की उत्तर मिळते.

जी दिसत नाही ती कपात विनिमयाच्या दरात आहे. त्या दिवशी डॉलरचा संदर्भ दर ८६ रुपये ४० पैसे होता. हा दर बँकांच्या आपसांतील व्यवहारांवरून कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होतो आणि कोणालाही पाहता येतो. माझ्या बँकेने मला ८४ रुपये ७५ पैसे लावले. डॉलरमागे एक रुपया पासष्ट पैसे, म्हणजे १,९७५ डॉलरवर ३,२५९ रुपये बँकेने ठेवून घेतले, आणि ही रक्कम दाखल्यावर, खात्याच्या उताऱ्यावर किंवा शुल्काच्या पत्रकावर कुठेही लिहिलेली नाही. पत्रकात ‘परदेशी रक्कम जमा करण्याचे शुल्क ५०० रुपये’ एवढेच आहे. त्यावरचा जीएसटी धरून ५९० रुपये, दाखल्याचे आणखी २९५ रुपये आणि चलन बदलल्याबद्दलचा जीएसटी २४१ रुपये. मध्यस्थ बँकेचे २५ डॉलर २,१६० रुपयांचे होतात. १,७२,८०० रुपयांच्या कामाचे माझ्या खात्यात १,६६,२५६ आले. एका बिलामागे सुमारे साडेसहा हजार, वर्षाला पाऊण लाखाच्या वर. त्यातली निम्मी रक्कम दरात दडवलेली आहे, आणि पावती मागितली तर तिची पावतीच निघत नाही.

महोदय, या व्यवहारात सरकारी नियमच बँकेविरुद्ध साक्ष देतो, तो असा. चलन बदलण्याच्या सेवेचे मूल्य किती धरायचे, हे जीएसटीच्या नियम ३२ मध्ये ठरवून दिले आहे. बँक संदर्भ दर आणि ग्राहकाला दिलेला दर यांतील फरकावर कर लावू शकते, किंवा ठरीव टक्केवारी निवडू शकते : एक लाखापर्यंत एक टक्का, आणि त्यापुढे दहा लाखांपर्यंत एक हजार रुपये अधिक वरच्या रकमेचा अर्धा टक्का. माझ्या बँकेने दुसरी पद्धत निवडली. त्या हिशेबाने माझे डॉलर बदलण्याच्या सेवेचे मूल्य १,३३७ रुपये होते, आणि कर त्याच रकमेवर लागला. मग बँकेने ३,२५९ कसले घेतले? पहिली पद्धत निवडली असती तर कर मला अधिक पडला असता, हे मी जाणते, परंतु तो खरा फरक निदान कागदावर आला असता. निवड मात्र नियमाने बँकेकडे ठेवली आहे, ग्राहकाकडे नाही.

मी शाखेत विचारले. तिथल्या बाईंनी सौजन्याने सांगितले, की दर मुंबईच्या विभागातून येतो आणि शाखेला त्यात बोलता येत नाही. मुंबईच्या विभागाचा दूरध्वनी क्रमांक ग्राहकाला दिला जात नाही. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांकडे जावे म्हटले, तर एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्ध तक्रार चालत नाही, आणि दर हा व्यावसायिक निर्णयच ठरतो. मग मी कोणापुढे उभे राहायचे?

आणि नेमक्या याच दुखण्यावर आपल्या संस्थेने औषध जाहीर केले होते. ५ ऑगस्ट २०१९ रोजी एफएक्स-रिटेल हे व्यासपीठ सुरू झाले. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने चालवलेल्या या व्यासपीठावर लहान ग्राहकालाही बँकांच्या बाजाराशी जोडलेल्या दराने डॉलर विकता-घेता यावेत, आणि बँकेने आपला मोबदला आधी सांगून वेगळा घ्यावा, अशी ती योजना. ग्राहकाने संकेतस्थळावर नोंदणी करायची आणि त्याच्या बँकेने ती मंजूर करायची, एवढीच पायरी. मी नोंदणी केली. मंजुरी आली नाही. शाखेत या योजनेचे नाव कोणी ऐकलेले नव्हते, आणि लेखी विचारणा केल्यावर ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ हे उत्तर आले, ते आजतागायत तसेच आहे. ज्या बँकेचा नफा दराच्या अंधारात आहे, तिच्याच हाती दिवा लावण्याची परवानगी दिल्यावर दुसरे काय होणार? आपण योजना केली, परिपत्रक काढले, आणि ती शाखेच्या टेबलापर्यंत पोहोचली की नाही हे पाहिले नाही. मला याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही.

ओळखीचे लोक दोन उपाय सुचवतात. पहिला परकीय चलनाच्या खात्याचा, ज्याला ईईएफसी म्हणतात. त्यात डॉलर डॉलरच राहतात, परंतु व्याज मिळत नाही, आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावीच लागते. बदलणार तीच बँक आणि दर ठरवणार तीच. दुसरा उपाय नव्या पेमेंट सेवांचा, ज्यांच्यासाठी आपण ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सीमापार पेमेंट अ‍ॅग्रिगेटरचे नियम केले. या सेवा पैसे घेणाऱ्याला अमेरिकेतलाच खाते क्रमांक देतात, त्यामुळे मध्यस्थ बँकेची कपात टळते, आणि पुष्कळदा दरही बाजाराच्या जवळचा मिळतो. हा मार्ग मला पटतो आणि लहान ग्राहकांसाठी मी तो वापरणारही आहे. पण तिथे रक्कम माझ्या खात्यात रुपयांतच उतरते आणि उताऱ्यावर ती देशातल्या देशात आलेल्या रकमेसारखी दिसते. सेवा निर्यातीची अट मात्र अशी, की मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेची मुभा असेल तिथे रुपयांत, आलेला असावा. हे सिद्ध करायला पुन्हा तोच दाखला लागतो. शिवाय ओहायोचा माझा ग्राहक थेट बँकेतच पैसे पाठवतो, त्याला दुसरी वाट मान्य नाही.

म्हणून दाखल्याकडे वळते. रक्कम आली की बँकेचा परकीय चलन विभाग ईमेल पाठवून बिलाची प्रत आणि रक्कम कशासाठी आली हे सांगणारा उद्देश संकेतांक मागतो. मी सॉफ्टवेअर सल्ल्याचा P0802 लिहून बिल जोडले आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. दाखल्यावर छापून आला P1301, जो परदेशस्थ भारतीयांनी घरखर्चासाठी पाठवलेल्या रकमेचा आहे. बिल एका अमेरिकी कंपनीच्या नावे, पाठवणारी तीच कंपनी, आणि दाखला म्हणतो की हा घरखर्च! दुरुस्तीच्या अर्जाला बँकेने मुदत सांगितलेली नाही, कारण अशी मुदत तिच्यावर बंधनकारक असल्याचे मला कोणी दाखवू शकले नाही. इकडे कायद्याची घड्याळे माझ्यासाठी चालू आहेत. माझे वर्षाचे उत्पन्न वीस लाखांच्या वर जाते म्हणून मी जीएसटीत नोंदलेली आहे, दर आर्थिक वर्षी हमीपत्र भरून कर न लावता सेवा निर्यात करते, आणि कामाच्या जागेच्या भाड्यावर व सॉफ्टवेअरच्या वर्गण्यांवर भरलेला कर परत मागते. त्रुटीपत्र आले की अर्ज नव्याने करावा लागतो, आणि परताव्याला मोबदला मिळाल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे. बिलाचा पैसा ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर त्यावरचा कर व्याजासह भरण्याची जबाबदारीही माझीच. उशीर माझा असेल तर व्याज आणि उशीर बँकेचा असेल तर प्रतीक्षा, ही व्यवस्था कोणत्या न्यायाने चालते?

जी-२० राष्ट्रांनी २०२१ मध्ये ठरवले, की २०२७ च्या अखेरीपर्यंत सीमापार किरकोळ पेमेंटचा सरासरी खर्च एक टक्क्यावर आणावा आणि कोणत्याही मार्गावर तो तीन टक्क्यांच्या वर नसावा. २०२३ मध्ये अध्यक्षपद आपल्या देशाकडे होते. माझ्या एका बिलाचा खर्च पावणेचार टक्क्यांच्या वर गेला. २०२३ च्याच फेब्रुवारीत सिंगापूरशी यूपीआय जोडले गेले, ते व्यक्तिगत रकमांपुरते. परदेशातला नातेवाईक मोबाइलवरून भेट पाठवू शकेल, पण कष्टाचा मोबदला मागणाऱ्याने कागद घेऊन रांगेत थांबायचे. निर्यातीचे आकडे भाषणांत सांगताना आम्ही त्यात धरले जातो, शाखेत गेल्यावर मात्र आम्ही निर्यातदार नसतो.

माझ्या मागण्या आपल्या अधिकारातल्या आहेत. परकीय रकमेच्या प्रत्येक दाखल्यावर त्या दिवसाचा संदर्भ दर, बँकेने लावलेला दर आणि दोहोंतील फरकाची रुपयांतली रक्कम छापणे बंधनकारक करावे. एफएक्स-रिटेलची नोंदणी बँकेने ठरावीक दिवसांत मंजूर करावी किंवा लेखी कारण देऊन नाकारावी, आणि नाकारल्यास लोकपालांकडे दाद मागता यावी. संकेतांकाची चूक बँकेची असेल, तर दुरुस्त दाखला विनाशुल्क आणि मुदतीत मिळावा, आणि मुदत टळली तर ग्राहकाला दिवसागणिक भरपाई मिळावी.

माझे पुढचे बिल महिनाअखेरीस जाणार आहे. त्याचे डॉलर पुन्हा त्याच बँकेत, त्याच पद्धतीने बदलले जातील. त्याआधी माझ्या नोंदणीचे काय झाले, एवढे तरी आपल्या कार्यालयाने माझ्या बँकेला विचारावे आणि उत्तर मला लेखी कळवावे.

कळावे,
आपली,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक
लोकमान्य नगर, इंदूर