तूट वाढली म्हणजे सरकारने उधळपट्टी केली, असे नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मंदीच्या वर्षात तुटीचा आकडा फुगला की वृत्तपत्रांतून तो उधळपट्टीचा पुरावा म्हणून मांडला जातो, आणि तेजीत तीच तूट आटली की सरकारच्या शिस्तीचे कौतुक होते. ही दोन्ही अनुमाने त्या एका आकड्यावरून काढता येत नाहीत, कारण त्यात अर्थचक्रामुळे आपोआप होणारा बदल आणि सरकारच्या निर्णयांमुळे होणारा बदल एकत्र मिसळलेले असतात. ते वेगळे कसे करतात, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दाखवण्याची परवानगी असावी.

समजा, सर्व कामकरी हात आणि यंत्रे नेहमीच्या गतीने राबत असताना एका देशाचे उत्पादन १,००० अब्ज होते. हे त्याचे संभाव्य उत्पादन. अशा वर्षी महसूल ३०० अब्ज आणि खर्च ३२० अब्ज, म्हणजे तूट २० अब्ज किंवा २ टक्के. पुढच्या वर्षी मंदी येते आणि उत्पादन ९६० अब्जांवर घसरते. कराचे दर तेच असले तरी उत्पन्न आणि विक्री घटल्यामुळे महसूल २८८ अब्जांवर येतो, आणि नियम तेच असले तरी बेकारी भत्ता मागणारे वाढल्यामुळे खर्च ६ अब्जांनी वाढतो. या १८ अब्जांसाठी कोणी कोणताही नवा निर्णय घेतलेला नाही. यांनाच स्वयंचलित स्थिरक म्हणतात, कारण लोकांचे उत्पन्न जितके घसरते तितका त्यांच्या हातातला पैसा घसरू न देण्याचे काम ते करतात. याखेरीज सरकार ४ अब्जांची एक नवी योजना आणते, आणि एकूण तूट ४२ अब्ज होते.

जाहीर होणारी तूट उत्पादनाच्या सुमारे ४.४ टक्के दिसते, म्हणजे दुपटीहून अधिक. पण ४२ मधून चक्रीय १८ वजा केले की उरतात २४ अब्ज, म्हणजे संभाव्य उत्पादनाच्या २.४ टक्के. ही संरचनात्मक तूट. सरकारच्या धोरणाने पडलेला फरक एवढाच, ०.४ टक्क्याचा.

हा भेद न करता सरकारने तूट पुन्हा २० अब्जांवर आणण्याचा हट्ट धरला तर २२ अब्जांची कपात करावी लागेल. एक रुपयाच्या कपातीने उत्पादनही एक रुपयाने घटते असे धरले, तर वरच्या हिशेबाप्रमाणे प्रत्येक रुपयामागे ३० पैसे महसूल बुडतो आणि भत्त्यांवर १५ पैसे जास्त जातात. म्हणजे २२ पैकी ९.९ अब्ज परत तुटीतच जमा होतात. तूट जेमतेम ३० अब्जांपर्यंत उतरते आणि मंदी मात्र अधिक खोल जाते.

या पद्धतीचा कमकुवत दुवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवा. संभाव्य उत्पादन कोणी मोजलेले नसते. ते अनुमानाने ठरते. वरच्या उदाहरणात ते १,००० नसून ९८० अब्ज असेल, तर प्रत्यक्ष उत्पादनाशी त्याचा फरक ४० ऐवजी २० अब्ज होतो, चक्रीय भाग १८ ऐवजी ९ अब्ज उरतो आणि संरचनात्मक तूट ३३ अब्जांवर, म्हणजे सुमारे ३.४ टक्क्यांवर जाते. जमाखर्चाच्या वह्यांत एकही नोंद न बदलता!

तेजीत ही चूक अधिक महाग पडते. स्पेनच्या खात्यात २००७ मध्ये जीडीपीच्या सुमारे २ टक्के शिल्लक होती आणि तेव्हाच्या अंदाजांनुसार संरचनात्मक स्थितीही चांगली दिसत होती. प्रत्यक्षात बांधकाम आणि घरांच्या किमतींतील उसळीमुळे कराचा ओघ उत्पादनाच्या प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक वाढला होता, आणि केवळ उत्पादनातील तफावतीवर बेतलेली दुरुस्ती असा ओघ टिकाऊ महसुलातच धरते. २००९ मध्ये तूट जीडीपीच्या सुमारे ११ टक्के झाली. तिच्यामागे मंदीत घेतलेले खर्चाचे निर्णयही होते, पण कधीच न परतणारा महसूल हे मोठे कारण होते. आणि नंतर सुधारलेल्या अंदाजांनी २००७ चे चित्रही पुष्कळ वाईट ठरवले.

म्हणून संरचनात्मक तुटीचा एकच आकडा दशांशासह कायद्याची मर्यादा म्हणून बसवणे मला धोक्याचे वाटते. युरोपातील २०१२ च्या राजकोषीय कराराने ही मर्यादा सर्वसाधारणपणे जीडीपीच्या ०.५ टक्के ठेवली. वरच्या उदाहरणात अंदाजातील २ टक्क्यांच्या फरकाने उत्तर या मर्यादेच्या जवळपास दुपटीने हलले होते.

आपल्या अर्थविषयक बातम्यांत एकूण तुटीच्या शेजारी चक्रीय आणि संरचनात्मक भाग छापावेत, आणि संरचनात्मक आकडा ‘२.४ ते ३.४’ असा पल्ल्यात द्यावा, ही विनंती. मालमत्ता विक्रीसारखी एकदाच येणारी रक्कम त्यातून वगळली आहे की नाही, तेही एका ओळीत नमूद व्हावे.

आपला,
एक नियमित वाचक