रविवारच्या कथावाचनाची आठवण

मंडळी, रविवारी सकाळी दहाला ‘दोन शेजारी’ या आपल्या गटातल्या कथेच्या दुसऱ्या खर्ड्याचं वाचन आहे.

गिरगावातल्या चाळीत समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून तात्या आणि अण्णा रोज सकाळी एवढंच बोलतात:
“काय तात्या, झाला का चहा?”
“झाला हो, तुमचा?”

एके दिवशी तात्यांची गॅलरी रिकामी दिसते. पहिल्या खर्ड्यात इथे तात्या वारले होते. ते फारच सोपं वाटलं. आता त्यांना मुलाने ठाण्याला नेलंय आणि अण्णांना कुणी सांगितलेलंच नाही. मला हे जास्त बोचतं.

वाचताना दोरीवरच्या पंच्याकडे लक्ष ठेवा. तात्या नाहीत हे अण्णांआधी वाचकाला तिथेच कळायला हवं. तसं कळतं का, ते समासात लिहून प्रत सोबत आणा.