दादा, ती लाल रेघांची वही तुमच्यामुळे

दादा,

सलग तिसऱ्यांदा राज्यसेवा पूर्व परीक्षा हुकली, तीही अवघ्या तीन गुणांनी. त्या संध्याकाळी अभ्यासिकेच्या जिन्यात बसले होते, तेव्हा तुम्ही सांत्वन केलं नाहीत. "उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत आण," एवढंच म्हणालात. त्याबद्दल आज मनापासून आभार मानते.

माझ्या टेबलासमोर तीन वर्षं एकच कागद चिकटवलेला होता: यंदा पोस्ट काढायचीच. पण कटऑफ जागा किती आणि इतरांना गुण किती यावर ठरतो. त्यातलं माझ्या हातात काहीच नव्हतं. हातात होतं म्हणून मी तास मोजायचे. रोज अकरा तास भरले की समाधान वाटायचं.

तुम्ही अंतिम उत्तरतालिका शेजारी ठेवून पहिला पेपर दोन तास तपासलात. 100 पैकी 92 सोडवले होते, 52 बरोबर, 40 चूक. मला वाटायचं तुक्क्यांनी घात केला. मोजल्यावर दिसलं, 24 तुक्क्यांपैकी 5 लागले होते. 10 गुण मिळाले, चुकलेल्या 19 मध्ये साडेनऊ गेले. म्हणजे जवळजवळ फिटंफाट. 12 प्रश्न मला खरंच येत नव्हते. उरलेले 9 मात्र मला येत होते. 'अयोग्य विधान ओळखा' असं विचारलेलं असताना मी योग्य विधानावर गोल केला होता. अशा एका प्रश्नामागे हक्काचे दोन गुण आणि वर अर्धा, म्हणजे नऊ प्रश्नांत साडेबावीस गुण गेले. आणि मी हुकले होते तीन गुणांनी!

तो कागद तुम्ही काढायला लावलात. त्याऐवजी रोजचं काम दिलंत: जुन्या पेपरमधले 25 प्रश्न, 'योग्य-अयोग्य' खाली लाल रेघ, प्रत्येक उत्तराशेजारी 'खात्री', 'दोनात अडकले' किंवा 'तुक्का' अशी खूण, आणि चुकलं की का चुकलं ते वहीत एका ओळीत. मी लिहायचे, "घाईत चूक". तुम्ही ते खोडायचात. "घाई कुठल्या शब्दावर झाली ते लिही."

मधे मी पुन्हा जुन्या वाटेला लागले, 25 चे 60 प्रश्न केले आणि वही कोरी राहू लागली. रविवारी वही पाहून तुम्ही आकडा परत 25 वर आणलात. दीड महिन्यात वाचण्यातल्या चुका शंभरात दोनवर आल्या. मग तुम्ही रेघेचं काम थांबवून 'दोनात अडकले' वाले प्रश्न हाती घ्यायला लावलेत. त्यात राज्यघटनेचेच जास्त निघाले, जो विषय मी पक्का धरून चालले होते.

चौथी पूर्व झाली आहे, निकाल यायचाय. तो लागायच्या आधीच हे पत्र लिहायचं होतं. परीक्षेत पहिल्या पानावर 'अयोग्य' दिसलं आणि पेन आपोआप त्याखाली गेलं, तेव्हा तुमची फार आठवण आली.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची