अकरा महिने म्हणजे लायसन्स नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या कायदेविषयक सदरात घरमालकांसाठी छापलेला, अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला नुसता ‘लायसन्सी’ ठरवून जागा खाली करायला सांगणाऱ्या पत्राचा नमुना पुण्याहून जसाच्या तसा उचललेला दिसतो. त्यात चक्क महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा हवाला आहे! महाराष्ट्रातल्या चंदगडच्या वाचकांचे ठीक आहे. पण तुमचा अंक बेळगावच्या शहापुरातही येतो, आणि आमची घरे, कुणाला आवडो न आवडो, आज कर्नाटकात आहेत. घर जिथे, भाडे कायदा तिथला.

असल्याच नमुन्याने माझ्या भाच्याला मनस्ताप दिला. घर बेळगावातल्याच टिळकवाडीत, मालक पुण्यात. करारावर ठळक अक्षरांत ‘लीव्ह अँड लायसन्स’, मुदत अकरा महिने. मुदत संपली तरी मालक दरमहा भाडे घेत राहिले. मग अचानक पत्र आले : ‘आपण केवळ लायसन्सी आहात, रविवारपर्यंत जागा खाली करावी.’

वा! कुलूप भाच्याचे, किल्ल्या त्याच्याकडे, आत दुसऱ्या कुणाचा वावर नाही, खुद्द मालक आले तरी बेल वाजवून येणार. असा स्वतंत्र ताबा दिला की सहसा तो भाडेपट्टा, म्हणजेच लीज ठरतो. दिल्लीच्या एका हॉटेलात केशकर्तनालयासाठी दिलेल्या जागेच्या कागदावरही ‘लायसन्स’च लिहिले होते. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो भाडेपट्टा ठरवला. शीर्षकापेक्षा व्यवहार कसा आहे आणि दोघांचा हेतू काय होता, हे पाहायचे असते. याउलट, आमच्या शेजारच्या काकू कॉलेजच्या मुलीला माडीवरची खोली देतात. दुसरी किल्ली काकूंकडे, स्वयंपाकघर सामायिक, झाडायला काकू केव्हाही आत. ती नुसती राहण्याची परवानगी, म्हणजे लायसन्स. त्यात मुलीला जागेवर हक्क मिळत नाही.

अकरा महिन्यांचा लायसन्सशी काहीच संबंध नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोक अकरावर थांबतात, इतकेच. भाच्याच्या मालकांनी मुदतीनंतरही भाडे स्वीकारले, म्हणजे पट्टा महिन्या-महिन्याचा झाला. तो संपवायला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि हे दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजायचे. रविवार कुठून काढला, देव जाणे.

तेव्हा नमुना छापायचाच तर असा छापा : ताबा कोणत्या तारखेला दिला, किल्ल्या कुणाकडे, भाडे व डिपॉझिट किती, मुदत कधी संपली, नंतरचे भाडे घेतले की नाही. ‘लायसन्सी’ हा शिक्का मारण्याआधी तुमच्या सदरलेखकांनी एवढे तरी विचारावे, ही नम्र विनंती.

रविवारवरून आठवले. तुमची रविवारची पुरवणी आमच्या गल्लीत सोमवारी येते, तीही कधीकधी. एजंटाला सांगून थकलो.

आपला,
एक जुना वर्गणीदार, शहापूर, बेळगाव